नोंदवहीचं तेविसावं पान

अध्यापक विद्यालयाच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना मॅडमनी मान वर करून दोनदा पाहिलं. बाविशी-तेविशीच्या मुलामुलींच्या घोळक्यात एकेचाळीस वर्षांचा, अर्धे केस पिकलेला माणूस, खिशाला दोन पेनं लावून शेवटच्या बाकावर ताठ बसला होता. मॅडमना वाटलं, कुणाचे तरी वडील सोडायला आलेत आणि चुकून बसलेत. त्या म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबावं." तेव्हा ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मी विद्यार्थी आहे. सतरावा नंबर माझा."

वर्ग खो-खो हसला. तेही हसले. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे काका झाले. नोंदकाका हे नाव मात्र महिन्याभराने पडलं.

त्याआधी अकरा वर्षं ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. काचेच्या नळ्या धुणं, आम्लांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, तराजूची वजनं पेटीत जागच्या जागी ठेवणं आणि या सगळ्याची रोजच्या रोज नोंद ठेवणं हे त्यांचं काम. कोणत्या वर्गाने किती नळ्या फोडल्या, कोणत्या बाटलीत किती उरलं, सगळं त्यांच्या वहीत असायचं. पदवी त्यांनी घरी अभ्यास करून, बाहेरून परीक्षा देऊन कधीच मिळवली होती, पण तिचा उपयोग करायची वेळ आली नव्हती. एके वर्षी गणिताच्या बाई लांब रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी वेळ मारून न्यायला यांना वर्गात उभं केलं. दोन आठवडे म्हणता म्हणता पाच महिने झाले. मुलं गप्प बसून ऐकायची, गणितं सोडवायची. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही शिकवता बरं. पण कागद नाही तुमच्याकडे. पदविका करून या, पुढचं बघू."

बायको रुग्णालयात परिचारिका होती. तिने एका वाक्यात विषय संपवला. "दोन वर्षंच ना? जातील. मी आहे."

अध्यापक विद्यालयात लेखी परीक्षा होतीच, पण खरा भार होता तो पोर्टफोलिओवर. म्हणजे एक जाडजूड फाइल. तिच्यात प्रत्येकाने आपण शिक्षक म्हणून काय शिकलो याचे पुरावे ठेवायचे. पाठांचं नियोजन, सराव शाळेतल्या वर्गशिक्षिकेने केलेली निरीक्षणं, मुलांच्या वह्यांतली पानं, फळ्याचे फोटो. त्या ढिगातून आपण स्वतः पाच पुरावे निवडायचे आणि प्रत्येकाला एक टिपण जोडायचं. हा पुरावा का निवडला, यातून माझं कोणतं शिकणं दिसतं. आणि याच्या जोडीला चिंतनवही. सराव पाठाच्या प्रत्येक दिवशी त्यात लिहायचं, दर शनिवारी मॅडम वाचून सही करणार. पानांवर आधीच आकडे छापलेले, त्यामुळे पान फाडलं तर लगेच कळणार.

चिंतनाच्या चार पातळ्या मॅडमनी फळ्यावर लिहून दिल्या होत्या. नुसतं काय घडलं ते सांगणं ही पहिली. का घडलं असावं याचा विचार ही दुसरी. तीच गोष्ट मुलांच्या नजरेतून, वाचलेल्या सिद्धांतातून, अशी चार बाजूंनी तपासणं ही तिसरी. आणि त्या विचाराने आपलं शिकवणं खरोखर बदललं, हे दाखवता येणं ही चौथी.

नोंदकाकांची गाडी पहिल्या पातळीवर जी रुतली ती हलेना.

"तास तिसरा. इयत्ता तिसरी. हजर ३६. शाब्दिक उदाहरणे ४. पूर्ण सोडवली २२. खडू संपला. घंटा दोन मिनिटे लवकर." अशी त्यांची चिंतनवही. मॅडम खाली लाल शाईने लिहायच्या, "वर्णन आहे. चिंतन कुठे? पातळी १." पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. एकदा मॅडमनी त्यांना समोर बसवून विचारलं, "काका, त्या तासाला तुम्हाला काय वाटलं?"

त्यांनी खूप आठवून पाहिलं. "पाय दुखले," ते म्हणाले.

वर्गाला हे कळल्यावर आठवडाभर हशा चालला. नोंदकाका हे नाव तेव्हाचं. पण त्यात कुचेष्टा नव्हती. काकांच्या डब्यावर सगळ्यांचा हक्क होता आणि सगळ्यांच्या फाइलींना भोकं पाडून द्यायचं कामही काकांकडेच असायचं.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे कवयित्री म्हणायचे. कविता तिने कधी केली होती की नाही कोण जाणे, पण तिची चिंतनवही वाचून मॅडमचे डोळे भरून यायचे असं सगळे सांगायचे. ती रोज लिहीत नसे. आठवड्याभराची चिंतनं ती शुक्रवारी दुपारी उपाहारगृहात एका बैठकीत उरकायची, आणि शंका येऊ नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं वापरायची. काकांची दशा पाहून तिला कळवळा आला.

"काका, यात काही अवघड नाही हो. सुरुवातीला एक छोटीशी चूक करायची. मोठी नाही, छोटीशी. मधे एखादं मूल आणायचं, शक्यतो गप्प बसणारं. मग 'मला आतून जाणवलं' असं लिहायचं. आणि शेवटी संकल्प."

"पण तसं घडलं नसेल तर?"

"घडलं नसेल म्हणून तर लिहायचं! घडलेलं तुम्ही लिहिताच की, त्याला मॅडम एक देतात."

काकांनी आठ दिवस तग धरला. पुढच्या शनिवारी पुन्हा लाल शाईत एक आला आणि त्यांचा धीर सुटला. कवयित्रीने सांगितलं, काकांनी लिहिलं. खिडकीजवळचा एक मुलगा, जो कधीच बोलत नाही, त्याच्याकडे माझं दुर्लक्ष झालं, मला आतून जाणवलं, आता मी रोज त्याच्याशी आधी बोलेन. खिडकीजवळ असा मुलगा नव्हताच. खिडकीजवळ कपाट होतं. ते पान एकतिसावं. मॅडमनी त्याखाली लिहिलं, "सुंदर! आता तुम्ही खरे लिहू लागलात. पातळी ३."

ती ओळ काकांनी दोनदा वाचली. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी प्रयोगशाळेत कुणीतरी रिकाम्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी तसं काहीतरी वाटलं. पण पातळी तीन होती. त्यांनी वही मिटून ठेवली आणि पुन्हा मात्र असं काही लिहिलं नाही. सराव पाठ संपेपर्यंत दोन, एक, दोन असे आकडे पडत राहिले.

सराव पाठ संपल्यावर फाइल जमवायला तीन आठवडे मिळाले. एका रविवारी दुपारी काकांनी घरातलं जेवणाचं टेबल मोकळं करून सगळे कागद मांडले. पाचपैकी चार पुरावे ठरले होते. पाचवा असा हवा होता की पाहणाऱ्याने म्हणावं, वा. त्यांनी चिंतनवही पहिल्या पानापासून चाळली. आकड्यांची सवय असलेला माणूस, आकडेच शोधत गेला. तेविसाव्या पानावर बोट थांबलं.

"तास दुसरा. हजर ३४. बेरजांची साखळी. ३३ जणांची उत्तरे बरोबर. एका मुलीची चूक. तिला तास संपेपर्यंत उभे केले. रडली नाही."

चौतिसातले तेहतीस. इतका चांगला तास संपूर्ण सराव काळात झाला नव्हता. काकांनी टिपणाचा कोरा कागद ओढला. टिपण लिहिताना मॅडमचा एक नियम होता. वाचणारा वर्गात नव्हता हे धरून लिहा, प्रश्न जसाच्या तसा उतरवा. त्यांनी उतरवला.

८ + ४ = □ + ५ = □

पहिल्या चौकटीत बारा. त्यात पाच मिळवले की दुसऱ्या चौकटीत सतरा. काकांनी तेही लिहिलं. आठ अधिक चार बरोबर बारा अधिक पाच बरोबर सतरा. लहानपणापासून ते तोंडी हिशेब असेच मांडत आले होते, एका दमात, उत्तराला पुढचा आकडा जोडत. मग त्या मुलीने काय चुकवलं होतं तेही लिहावं म्हणून त्यांनी पानाच्या तळाशी पाहिलं. तिथे होतं. "तिने ७ आणि १२ लिहिले."

त्यांनी तिचे आकडे चौकटीत बसवले.

आठ अधिक चार. बारा. सात अधिक पाच. बारा. शेवटी बारा.

तिन्ही बाजू सारख्या.

काकांनी पेन खाली ठेवलं. पुन्हा स्वतःचे आकडे पाहिले. आठ अधिक चार, म्हणजे बारा. बरोबरचं चिन्ह. बारा अधिक पाच, म्हणजे सतरा. बारा आणि सतरा बरोबर कसे असतील? अकरा वर्षं या माणसाने तराजूची पारडी समोरासमोर आणून काटा मधोमध उभा केला होता. एका पारड्यात बारा आणि दुसऱ्यात सतरा ठेवून हे समान आहे असं त्याला कुणी सांगितलं असतं, तर त्याने त्याला प्रयोगशाळेतून बाहेर काढलं असतं. आणि हेच त्याने फळ्यावर लिहून चौतीस मुलांच्या वर्गाला शिकवलं होतं. एकीने चिन्हाचा खरा अर्थ धरून गणित सोडवलं, तर तिला उभं केलं होतं.

 मग पानाच्या कोपऱ्यातली मॅडमची सही त्यांना दिसली. "वर्णन पुरेसे. चिंतन नाही. पातळी १." मॅडमनी वाचलं होतं आणि त्यांनाही दिसलं नव्हतं. म्हणजे आता कुणालाच दिसणार नव्हतं. नव्वद पानांच्या वहीतलं तपासून झालेलं एक पान परीक्षक कशाला उघडेल? दुसरा एखादा तास निवडायचा, संपलं.

बायको कामावरून आली तेव्हा टेबलावर कागद तसेच होते. तिने हात धुतले, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "काय झालं? कुणी गेलं का?"

काकांनी तिला पान दाखवलं. गणित समजावलं. ती दोनदा आकडे पाहून म्हणाली, "अगं बाई. पोरीचं बरोबर होतं की."

"आता?"

"आता काय म्हणजे? आमच्याकडे केसपेपरवर चूक झाली तर खोडायचं नसतं. एक सरळ रेघ मारायची, बाजूला बरोबर काय ते लिहायचं, सही, तारीख. खालचं चुकलेलं वाचता आलंच पाहिजे."

"म्हणजे कागद दुरुस्त करायचा."

"कागद नंतर हो," ती म्हणाली. "आधी रुग्णाकडे जायचं असतं."

सोमवारी काका सराव शाळेत गेले. तिसरीच्या वर्गशिक्षिका वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून वऱ्हांड्यात उभ्या होत्या. काकांना वर्गात दहा मिनिटं हवी होती. ऐकून घेताना त्यांच्या कपाळावर आठी चढत गेली.

"वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही त्यांना सांगणार की शिकवलं ते चूक होतं? डोक्यात गोंधळ होईल मुलांच्या."

"गोंधळ मीच घातला आहे, बाई."

बाईंनी आवाज खाली आणला. "मीसुद्धा साखळी तशीच लिहिते, काका. वीस वर्षं."

  मग बाईंनी दार ढकललं. "दहा मिनिटं. घड्याळ लावून."

काकांनी फळ्यावर गणित लिहिलं. बाजूला तराजू काढला. डाव्या पारड्यात आठ आणि चार, उजव्या पारड्यात बारा आणि पाच. मुलांना विचारलं, कोणतं पारडं खाली जाईल? सगळ्यांनी उजवीकडे बोट केलं. मग त्यांनी बारा पुसले आणि तिथे सात लिहिला. आता बोटं कुठल्याच बाजूला गेली नाहीत.

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं," काका म्हणाले. "या वर्गात एकीने त्या दिवशी बरोबर उत्तर लिहिलं होतं आणि मी तिला उभं केलं. चूक माझी होती."

पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मग आमचं सगळ्यांचं चूक?"

"तुमचं नाही. माझं."

"पण तुम्ही आम्हाला बरोबरची खूण केली होती." मुलगा वही काढून दाखवायला निघाला होता. त्याला ती खूण परत घेतली जाईल अशी भीती वाटत होती.

ती मुलगी दुसऱ्या बाकावर होती. पेन्सिल कानावर अडकवलेली, मान खाली. मधल्या सुट्टीत ती आपण होऊन काकांकडे आली. हातात गणिताची वही होती. तिने ते पान उघडून धरलं. पानावर बारा आणि सतरा लिहिलेले होते. त्याखाली कागद इतका झिजला होता की पलीकडची अक्षरं दिसत होती. नीट पाहिलं तर त्या झिजलेल्या जागी पुसलेला सात अजून ओळखू येत होता.

"घरी जाऊन मी बरोबर केलं होतं," ती म्हणाली.

काकांनी त्या झिजलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"मला का उभं केलं होतं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तू काय केलंस ते मी पाहिलंच नाही," काका म्हणाले. "माझ्या मनात बारा होतं. तुझं बारा नव्हतं. तेवढंच पाहिलं."

तिने मान डोलावली, जणू उत्तर पुरेसं होतं. आणि इथे काकांच्या मनातल्या विद्यार्थ्याने डोकं वर काढलं. हे पान. याहून मोठा पुरावा कोणत्या फाइलीत असणार होता? ते म्हणाले, "या पानाची एक प्रत काढू का? माझ्या फाइलीत ठेवायला. तुझं नाव झाकून टाकीन."

मुलीने वही मिटली. "कोण बघणार?"

"आमच्या मॅडम. आणि परीक्षक."

"नको."

"नाव दिसणार नाही कुणाला."

"तरी नको," ती म्हणाली आणि तिने वही दोन्ही हातांनी छातीशी धरली. काकांना वाटलं, शाळेतून घरी चिठ्ठी देऊन पालकांची परवानगी मागता येईल. पालक बहुधा देतीलही. तिच्या बोटांकडे पाहून त्यांनी तो विचार सोडून दिला.

"बरं," ते म्हणाले. "तुझी वही आहे."

त्याच संध्याकाळी ते मॅडमच्या खोलीत गेले. टेबलावर चिंतनवह्यांचे गठ्ठे रचलेले होते. सगळ्यांच्या पुठ्ठ्यांवर एकाच दुकानाचं चिकट लेबल. काकांनी आपल्या वहीचं तेविसावं पान उघडलं आणि नवं टिपण बाजूला ठेवलं. मॅडमनी टिपण वाचलं, मग पान वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"ही सही माझी आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तुमची वाक्यं तपासत होते. गणित वाचलंच नाही." त्या खिडकीकडे पाहत राहिल्या. "आठवड्याला चाळीस वह्या. 'जाणवलं' हा शब्द आला की बरं वाटायचं मला. तुमच्या वहीत तो नव्हता."

"एका पानावर आहे," काका म्हणाले. "एकतिसाव्या. मॅडम, ते मी रचलेलं आहे. खिडकीजवळ मुलगा नव्हता."

मॅडमनी पान उलटलं. आपलंच "सुंदर!" त्यांनी पाहिलं. त्यांचा चेहरा आक्रसला.

"तुम्ही मला फसवलंत."

"हो."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"लिहिलं मी," काका म्हणाले. 

मॅडमनी वही मिटली. त्या वाईट बाई नव्हत्या आणि मऊही नव्हत्या. "ते पान धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे परीक्षकांना सांगणं मला भाग आहे. वहीच्या प्रामाणिकपणाचे वेगळे गुण असतात, ते जातील. तुम्ही आपण होऊन सांगितलंत हेही लिहीन. पण नियम नियमच राहील."

"राहू द्या."

बाहेर जिन्यात कवयित्री उभी होती. तिला कुठून तरी कळलं होतं आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, माझं नाव?"

"तुझं नाव कशाला निघेल? अक्षर माझं आहे."

ती दोन पायऱ्या त्यांच्याबरोबर उतरली. "मी काल माझी वही वाचत होते," ती म्हणाली. "फाइलीसाठी. त्यातली कोणती मुलं खरी आणि कोणती मी आणली, तेच मला आता सांगता येत नाही. इतके आठवडे शिकवलं मी तिथे. काही आठवत नाही हो, काका."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

मुलाखतीच्या दिवशी खोलीत दोघे होते. मॅडम, आणि बाहेरून आलेले परीक्षक, जाड भिंगांचे निवृत्त मुख्याध्यापक. प्रत्येकाला वीस मिनिटं. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे आणि दोघांत एका पातळीहून जास्त फरक पडला तर तिसरा परीक्षक बोलवायचा, अशी रीत होती. परीक्षकांनी पाचवा पुरावा उघडला. डाव्या बाजूला तेविसाव्या पानाची प्रत. 'एका मुलीची चूक' या शब्दांवर एक सरळ रेघ, बाजूला "चूक माझी", सही आणि तारीख. उजव्या बाजूला एक कोरा कागद. त्याच्या तळाशी चार ओळी.

परीक्षकांनी त्या मोठ्याने वाचल्या. "इथे त्या मुलीच्या वहीचं पान असायला हवं होतं. ते तिने दिलं नाही. तिने नको म्हटल्यावर मी पुन्हा मागितलं नाही." त्यांनी मान वर केली. "म्हणजे पुरावा नाही."

"नाही, सर."

"मग तुम्ही वर्गात जाऊन हे सगळं सांगितलंत, हे मी कशावरून मानू?"

"वर्गशिक्षिकांची सही आहे, दहा मिनिटांच्या नोंदीवर. त्या पानाबद्दल म्हणाल तर माझ्या शब्दावर मानू नका, सर."

परीक्षकांनी कोरा कागद उलटून पाहिला, मागेही काही नव्हतं. "तुमच्या जागी दुसरा असता तर पालकांकडून परवानगी आणली असती."

"तसं करता आलं असतं."

"मग?"

काकांनी कोरा कागद सरळ केला. "त्या वर्गात तिचं म्हणणं एकदा मी ऐकलं नव्हतं, सर. दुसऱ्यांदा तसं करवेना."

मॅडम खाली पाहत होत्या. परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं. "चौथी पातळी म्हणजे शिकवण्यात बदल. तुमच्यात बदल झाला याचा पुरावा काय?"

"तो नाही. त्यानंतर मी कुठे शिकवलंच नाही. दहा मिनिटं तेवढी. बदल झाला की नाही ते मला माहीत नाही."

"या टेबलासमोर बसून असं कुणी सांगत नाही," परीक्षक म्हणाले. ते कौतुक होतं की ताकीद, ते काकांना कळलं नाही.

या पुराव्याला परीक्षकांनी तिसरी पातळी दिली आणि मॅडमनी दुसरी. मॅडमनी कमी का दिली हे पुष्कळांना कोडं वाटलं. काकांना वाटलं नाही; एकतिसाव्या पानावर फसलेला हात आता जपूनच गुण देणार होता. एका पातळीचाच फरक, तिसरा परीक्षक लागला नाही. वहीच्या प्रामाणिकपणाचे गुण गेले ते गेलेच. निकाल लागला तेव्हा काका दुसऱ्या श्रेणीत होते. कवयित्री पहिली आली. तिने सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतः घेतला नाही.

जुन्या शाळेतली शिक्षकाची जागा हातची गेली. मुख्याध्यापकांना पहिली श्रेणी हवी होती आणि तसा उमेदवार त्यांना मिळाला. काका तिथेच आणखी एक वर्ष नळ्या धूत राहिले. त्या वर्षी बायकोने जास्तीच्या पाळ्या घेतल्या आणि विषय निघाला की म्हणायची, "जाईल हेही." पुढच्या वर्षी गावाच्या टोकाला, दोन खोल्यांच्या एका छोट्या शाळेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. तिसरी आणि चौथी एकत्र, एकोणतीस मुलं, एक फळा.

मॅडमनी पुढच्या तुकडीसाठी एक बदल केला. शनिवारी त्या चाळीस वह्या घेईनाशा झाल्या. दहाच घेतात, आळीपाळीने, आणि प्रत्येक वहीबरोबर त्या दिवशी मुलांनी केलेलं कामही मागतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचतात. वेळ फार जातो अशी तक्रार विद्यालयात चालू आहे, आणि पुढच्या वर्षी हे टिकेल की नाही ते सांगता येत नाही.

काकांकडे आता कुणी चिंतनवही मागत नाही. तरी ते लिहितात. लिहिणं अजून तसंच कोरडं आहे. हजर इतके, सोडवली इतक्यांनी. वेगळं उत्तर आलं की मात्र आकड्यापुढे जागा सोडलेली असते. परवा चौथीतल्या एका मुलीने भागाकाराचं भलतंच उत्तर आणलं. काकांचा लाल पेनाचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी टोपण लावलं, तिच्यासाठी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "बस. हे कसं आणलंस, मला सांग बरं."

तिने सांगितलं. उत्तर चूकच होतं. सांगायला तिला अकरा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ बाकीच्या अठ्ठावीस जणांनी वर्ग डोक्यावर घेतला. काकांनी तेही लिहून ठेवलं.